आबांनी रान विकलं, माझी सही नव्हती

वाचकाचं पत्र:

«आमची करवीर तालुक्यात २ एकर १० गुंठे बागायत जमीन आहे. ती मूळ पणजोबांची. ते १९५१ साली वारले. आजोबांनी १९८९ मध्ये आबा आणि चुलत्यांना वाटणी करून दिली, त्यात हा तुकडा आबांना आला. सातबाऱ्यावर एकट्या आबांचंच नाव आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये आबांनी रस्त्याकडचं ३० गुंठे रान २८ लाखांना विकलं. थोरल्या भावाची संमती म्हणून सही घेतली. मला आणि बहिणीला कुणी विचारलं नाही. खरेदीपत्रात लिहिलंय की मुलीच्या लग्नाचं देणं आणि सोसायटीचं कर्ज भागवायला विकलं. बहिणीचं लग्न मे २०२२ मध्येच झालं. सोसायटीचं कर्ज १ लाख ९० हजार होतं. लग्नासाठी पतसंस्थेतून ४ लाख काढले होते असं आई सांगते. उरलेल्या पैशांत भावानं जेसीबी घेतला. आबांनी माझ्या खात्यावर दीड लाख टाकलेत, ते तसेच आहेत. आता उरलेल्या रानालाही गिऱ्हाईक बघायला लागलेत. झालेला व्यवहार मोडता येईल का? पुढचा थांबवता येईल का? मी कागल एमआयडीसीत नोकरीला आहे, रजा फार मिळत नाही.»
– एक वाचक, करवीर

उत्तर:

तुमची सही नव्हती, एवढ्या एका कारणावर हा व्यवहार पडणार नाही. हे आधीच सांगतो, कारण गावात बहुतेकांचा समज असा असतो की सज्ञान मुलाच्या सहीशिवाय बापाला वडिलोपार्जित जमीन विकताच येत नाही. कायदा तसं म्हणत नाही. एकत्र कुटुंबाचा कर्ता कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा मिळकतीच्या फायद्यासाठी जमीन विकू शकतो, आणि ती गरज खरी असेल तर मुलांनी सही केली नाही, अगदी तोंडावर नाही म्हटलं, तरी विक्री सगळ्यांवर बंधनकारक होते. गरज नसेल तर मात्र इतर सहदायादांना, म्हणजे जमिनीत जन्मतः हक्क असलेल्या घरच्यांना, ती आपल्या हिश्श्यापुरती उलटवता येते. म्हणजे सगळा झगडा गरजेवर आहे, सहीवर नाही.

पण त्याआधी जमीन वडिलोपार्जित आहे हे सिद्ध करावं लागेल. आजोबा–पणजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन आपोआप वडिलोपार्जित ठरत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्यानंतर बाप वारला आणि त्याची स्वतःची मिळकत वारसाहक्कानं मुलाकडे आली, तर ती त्या मुलाची स्वतंत्र मिळकत होते. नातवाचा तिच्यात जन्मतः हक्क नसतो. तुमचे पणजोबा १९५१ ला, म्हणजे जुना हिंदू कायदा चालू असताना वारले. त्यामुळे आजोबांच्या हातात ती सहदायकीची जमीन म्हणून आली. १९८९ च्या वाटणीत ती आबांच्या वाट्याला आली तरी तुमच्या–आबांच्या दरम्यान तिचं स्वरूप बदललं नाही, तुम्ही त्या वाटणीनंतर जन्मला असलात तरीही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा अर्शनूर सिंग खटल्यातला निकाल याच धाटणीचा आहे. तिथंही मुळातला वारसा १९५६ च्या आधीचा, वाटणी नंतरची आणि मुलगा वाटणीनंतर जन्मलेला. तरी त्याचा जन्मतः हक्क मान्य झाला.

म्हणून पहिलं काम कागदांचं. पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस नोंदीचा जुना फेरफार आणि १९८९ च्या वाटणीचा फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल अर्ज करून काढा. जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे «ए.कु.मॅ.» अशी अक्षरं दिसली तर तो कागद जपून ठेवा. एकत्र कुटुंब मॅनेजर या शब्दांचं ते रूप महसुली दप्तरात सर्रास सापडतं, आणि जमीन एका माणसाची नसून घराची होती हे दाखवायला तो चांगला पुरावा असतो. आजच्या सातबाऱ्यावर एकट्या आबांचं नाव आहे याची फार चिंता करू नका. सातबारा मालकी ठरवत नाही.

आता गरजेकडे येऊ. कायद्याच्या भाषेत गरज म्हणजे घर उपाशी असणं नव्हे. सरकारी देणी, शेतीचं कर्ज, औषधपाणी, शिक्षण, मुलामुलींची लग्नं, मिळकत वाचवायला लागलेला कोर्टखर्च, हे सगळं तीत येतं. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रज अमदानीतल्या सर्वात वरच्या न्यायालयानं, हनुमान प्रसाद पांडे खटल्यात जी कसोटी घालून दिली ती आजही चालते. मिळकतीवर खरोखर ताण होता का, आणि घेणाऱ्यानं प्रामाणिकपणे चौकशी केली का, हे कोर्ट बघतं. गरज होती हे शाबीत करण्याचा बोजा खरेदीदारावर असतो, तुमच्यावर नाही. ही तुमची जमेची बाजू आहे. खरेदीपत्रात «आमचे कुटुंबाचे गरजेकरिता, मुलीचे लग्नाचे देणे व विकास सोसायटीचे कर्ज भागवणेसाठी कायम खूष खरेदी दिली असे» असं लिहिलं असणार. ते वाक्य म्हणजे गरजेचा पुरावा नव्हे. घेणाऱ्याला असं सांगितलं गेलं, इतकंच त्यातून दिसतं. बाकी त्यानं दाखवायचं: सोसायटीत जाऊन थकबाकी विचारली का, पतसंस्थेचा खातेउतारा बघितला का, की नुसतं आबांच्या शब्दावर इसार दिला.

त्याच वेळी दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध जाऊ शकतात. एक, लग्न विक्रीच्या जवळपास तीन वर्षं आधी झालं म्हणून लग्नाचं कारण खोटं, हा तुमचा मुद्दा दिसतो तितका पक्का नाही. लग्न कर्ज काढून होतं आणि ते फेडता फेडता वर्षं जातात, हे कोर्टालाही माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच म्हटलं. कर्त्यानं मुलीचं लग्न होऊन गेल्यावर जमीन विकली होती, मुलानं आव्हान दिलं, आणि तरी विक्री कायम राहिली. त्यामुळे लग्नाची तारीख बघू नका, पतसंस्थेचं खातं बघा. मार्च २०२५ मध्ये त्या कर्जाचं किती येणं बाकी होतं? ४ लाखांचे हप्ते भरून ते आधीच फिटलं असेल, तर ती गरज उरलीच नव्हती. बाकी असेल, तर ती गरज तुम्हाला मान्य करावी लागेल.

दुसरी गोष्ट जेसीबीची. नवीन धंद्यात उडी घेणं ही कुटुंबाची गरज नाही. पिढीजात धंदा वेगळा, आणि एका मुलासाठी घेतलेलं यंत्र वेगळं. कर्ता बाकीच्यांच्या हिश्श्यावर अशी जोखीम लादू शकत नाही. पण खरेदीदार तुम्हाला उत्तर देईल, की पैसे दिल्यावर ते कुठं गेले हे बघण्याची जबाबदारी माझी नाही. या उत्तरात तथ्य आहे. विक्रीच्या वेळी गरज खरी असेल आणि चौकशी खरी असेल, तर पुढं बापानं पैसा कुठं उडवला याचं खापर घेणाऱ्यावर फोडता येत नाही. म्हणून भावाचा जेसीबी हा तुमचा मुख्य मुद्दा नको. गरज केवढी होती आणि जमीन केवढी विकली, हा मुख्य मुद्दा ठेवा.

मोठ्यात मोठी धरली तरी गरज होती ५ लाख ९० हजारांची. विकलं २८ लाखांचं. किमतीचा बराचसा भाग खऱ्या देण्यासाठी लागला आणि थोडक्याचा हिशेब लागत नाही, अशा वेळी कोर्टं विक्री मोडत नाहीत. पण इथं उलटं आहे. पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त रक्कम गरजेची, बाकी सगळी वरची. खरेदीपत्राच्या भावानं गुंठ्याला ९३ हजार पडतात. १० गुंठे विकले असते तर ९ लाखांवर रक्कम आली असती आणि दोन्ही कर्जं फिटून काही उरलं असतं. आबांचे वकील म्हणतील की तुकडेबंदीमुळे लहान तुकडा विकता येत नव्हता. पण बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आहे, म्हणजे १० गुंठ्यांचा दस्त होऊ शकला असता. व्यवहारी कर्ता ५ लाख ९० हजारांसाठी ३० गुंठे रस्त्याकडचं रान काढत नाही, हे म्हणणं मला तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम वाटतं. त्यात किंमत वार्षिक बाजारमूल्य दरापेक्षा किंवा आजूबाजूच्या खरेद्यांपेक्षा कमी असेल तर ते आणखी पक्कं होतं. गटाच्या आसपासच्या दस्तांची सूची क्रमांक २ काढून बघा.

तेव्हा गरजेचा मुद्दा तुम्ही जिंकाल अशी शक्यता चांगली आहे. तरीही ते रान परत घरात येईल असं मी म्हणणार नाही. याचं कारण आपल्याकडच्या एका नियमात आहे आणि दावा दाखल करण्याआधी तो तुम्हाला कळलाच पाहिजे.

मुंबई शाखेच्या हिंदू कायद्यात, जो महाराष्ट्रात चालतो, सहदायाद आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकू शकतो. उत्तरेकडच्या काही भागांत तो इतरांच्या संमतीशिवाय विकता येत नाही, आपल्याकडे येतो. म्हणून गरज शाबीत झाली नाही तरी आबांचं खरेदीपत्र सबंध रद्द होत नाही. आबांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं ते टिकतं. भावानं संमती देणार म्हणून सही केली आहे, त्यामुळे त्याच्याही हिश्श्यापुरतं टिकतं. फक्त तुमच्या, बहिणीच्या आणि आईच्या हिश्श्यावर ते बंधनकारक राहत नाही.

हिस्से किती ते बघा. आबा, आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, असे पाच. आई सहदायाद नाही आणि तिला स्वतःहून वाटप मागता येत नाही, विक्रीलाही आव्हान देता येत नाही. पण बाप आणि मुलांत वाटप झालंच तर आपल्याकडे आईला मुलाएवढा हिस्सा मिळतो. बहीण ९ सप्टेंबर २००५ पासून जन्मतः सहदायाद आहे, तिचं लग्न झालं म्हणून हक्क गेला नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या विक्रीला मुलीला या हक्कावर आव्हान देता येत नाही, पण तुमचा व्यवहार २०२५ चा असल्यानं ती अडचण इथं नाही. २ एकर १० गुंठे म्हणजे ९० गुंठे. पाचवा हिस्सा १८ गुंठे. आबा आणि भाऊ मिळून ३६. आणि विकलेत ३०.

आता खरेदीदाराचा वकील काय म्हणेल ते उघड आहे. ज्यांनी विकलं त्या दोघांचाच हिस्सा ३६ गुंठे आहे. तेव्हा वाटप करताना हे ३० गुंठे त्यांच्याच वाट्याला टाका आणि माझ्या अशिलाकडे राहू द्या. बाकीच्यांना उरलेल्या ६० गुंठ्यांतून द्या. न्यायाची ही विनंती कोर्टं बहुधा मान्य करतात, कारण त्यात कुणाचं नुकसान नसतं. निदान कागदावर नसतं.

इथं तुम्ही क्षेत्रावर भांडू नका, मोलावर भांडा. विकलेलं रान रस्त्याकडचं आहे, उरलेलं आतलं. आतल्या जमिनीचा भाव गुंठ्याला ६० हजार धरला तर ६० गुंठ्यांचे ३६ लाख होतात. विकलेल्याचे २८ लाख मिळवले की सगळी जमीन ६४ लाखांची, आणि पाचवा हिस्सा १२ लाख ८० हजारांचा. आबा आणि भाऊ मिळून २५ लाख ६० हजार. म्हणजे विकलेला तुकडा त्या दोघांच्या हिश्श्याहून २ लाख ४० हजारांनी जड आहे. तेवढं तुम्हा तिघांना, म्हणजे तुम्ही, आई आणि बहीण यांना, जमिनीत नाहीतर रोखीत भरून मिळालं पाहिजे. गुंठे मोजून सही करणारा माणूस हे कधीच मागत नाही. भाव माझा अंदाजाचा आहे. खरा भाव तुम्ही आजूबाजूच्या दस्तांवरून काढा, गणित मात्र असंच मांडा.

त्याच गणितात दुसऱ्या बाजूला एक रक्कम जमा होईल. खरेदीदाराच्या पैशांतून जी खरी देणी फिटली, ती कुटुंबाचीच होती. कोर्ट म्हणू शकतं की त्यातला तुमचा भाग परत करा, मगच विक्री तुमच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही असं ठरेल. ५ लाख ९० हजार धरले तर एका हिश्श्यावर १ लाख १८ हजार येतात, तिघांचे मिळून ३ लाख ५४ हजार. म्हणजे वर मिळणारे २ लाख ४० हजार यात गेले आणि थोडं तुमच्याकडेच निघालं. पतसंस्थेचं कर्ज विक्रीआधीच फिटलेलं असेल, तर हा आकडा एकदम खाली येतो. म्हणून त्या एका खातेउताऱ्यावर मी इतका जोर देतोय.

एवढं सगळं बघितल्यावर माझं मत असं, की झालेली विक्री मोडण्यासाठी म्हणून दावा करू नका. वाटपाचा दावा करा, आणि त्यातच ही विक्री तुमच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागा. खरेदीदाराला प्रतिवादी करा. तुम्ही खरेदीपत्रावर सही केलेली नाही, म्हणून ते रद्द करून मागण्याची गरज नाही. बंधनकारक नसल्याचा ठराव पुरतो, आणि त्याचा कोर्ट फीवरही फरक पडतो. तुमच्या वकिलांशी हे आधी बोला.

हाच मार्ग घ्यायचं आणखी मोठं कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. उरलेलं ६० गुंठे रान विकण्यापासून आबांना थांबवायचं, तर नुसता मनाईचा दावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सुनील कुमार विरुद्ध राम प्रकाश खटल्यात सांगितलं, की कर्त्याला विकण्याचा अधिकार आहे, तेव्हा सहदायादानं आधीच मनाई मागायची नाही, विक्री झाल्यावर आव्हान द्यायचं. मिळकतीची धूळधाण चालू असेल किंवा तुम्हाला बाहेर काढलं असेल तर गोष्ट वेगळी. अनेक जण घाईनं «विकू नये म्हणून मनाई» एवढाच दावा लावतात, तो फेटाळला जातो, आणि त्या महिन्या–दोन महिन्यांत जमीन जाते.

वाटपाच्या दाव्यानं चित्र बदलतं. सज्ञान सहदायादानं मला वेगळं व्हायचंय असं स्पष्ट कळवलं की एकत्रपणा मोडतो, जमीन प्रत्यक्ष वाटली जायला वर्षं लागली तरी. एकत्र कुटुंबच उरलं नाही तर कर्त्याचा अधिकारही उरत नाही. त्यानंतर आबा विकू शकतात फक्त स्वतःचा हिस्सा. शिवाय वाटपाच्या दाव्यात निकालापर्यंत जमिनीची विल्हेवाट लावू नये अशी तात्पुरती मनाई मागता येते, आणि तिथं ती नियमाला धरून असते. दावा चालू असताना कुणी खरेदी घेतली तरी तो घेणारा निकालाला बांधील राहतो. फक्त आपल्याकडे एक पायरी जास्त आहे. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. ती नोंदवली नाही तर पुढच्या खरेदीदाराला मला माहीतच नव्हतं म्हणायला वाव राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात वकिलामार्फत आबांना आणि भावाला स्पीड पोस्टानं वाटपाची मागणी करणारी नोटीस पाठवा. पोहोचपावती जपून ठेवा, कारण वेगळं होण्याचा इरादा कळवल्याचा तोच पुरावा. नोटिशीची प्रत ज्याच्याशी नवीन बोलणी चालू आहेत त्यालाही द्या, नाव माहीत असेल तर. तोंडी वाटणी मागितली, असं म्हणून चालत नाही. बापलेकांच्या भांडणात तोंडी बोललेलं कोर्टात सिद्ध करणं फार अवघड असतं, मी तरी झालेलं पाहिलेलं नाही. मग दावा दिवाणी न्यायालयात. त्यात ९० च्या ९० गुंठे, घर, परसू, विहिरीतला वाटा, सगळी एकत्र मिळकत घाला. एखादी मिळकत बाहेर राहिली की अर्धवट वाटपाचा आक्षेप येतो. आईलाही पक्षकार करा, नाहीतर दावा तिथंच अडतो.

विक्रीचा फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते. गेल्या वर्षीच्या मार्चचा व्यवहार असल्यानं ती नोंद बहुधा मंजूर झाली असेल. झाली असली तरी घाबरू नका, फेरफारानं मालकी ठरत नाही. फक्त महसुली अपिलांत वर्षं घालवू नका. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी अशा पायऱ्या चढत लोक दमतात, आणि शेवटी प्रत्येक जण म्हणतो, दिवाणी कोर्टात जा.

खरेदी मोडण्याच्या दाव्याला मुदत १२ वर्षांची आहे. बापानं केलेल्या विक्रीबाबत ही मुदत खरेदीदारानं ताबा घेतल्यापासून धरतात. म्हणजे कागदावर २०३७ पर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. पण तोपर्यंत त्यानं त्या रानात बांधकाम केलं, पुढं दोघांना विकलं, की न्यायाचं पारडं त्याच्याकडे झुकतं. उशिराचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

दीड लाखांचं काय करायचं? हे पैसे तुमच्या दाव्यातली सगळ्यात दुखरी जागा आहेत. विक्रीचे पैसे घेऊन ठेवले म्हणजे विक्री मान्य केली, असा युक्तिवाद हमखास येणार. ते अजून वापरले नाहीत हे बरं झालं. खात्याचा उतारा काढून ठेवा, आणि नोटिशीसोबतच ते आबांच्या खात्यावर परत पाठवा. नोटिशीत एक ओळ घाला, की ही रक्कम मला न विचारता जमा झाली होती, विक्रीला माझी संमती नाही म्हणून परत करत आहे. रोखीनं परत देऊ नका.

बहिणीशी मात्र तुम्ही स्वतः बोला, वकिलामार्फत नको. ती वादी म्हणून तुमच्याबरोबर आली तर आव्हान दोन हिश्श्यांचं होतं आणि आबांच्या बाजूनं मुलगी माझ्याकडे आहे असं म्हणायला कुणी उरत नाही. पण ती आली म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र मागू नका. आपल्याकडे भाऊ हे फार सहज मागतात, आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सहज देते. तिचे १८ गुंठे तिचे आहेत, आणि ज्या कायद्यावर तुमचा दावा उभा राहणार, त्याच कायद्यानं ते तिला दिलेत. ती येत नसेल तर तिला प्रतिवादी करा, तिचा हिस्सा तसाच राहतो.

रजेची अडचण लिहिलीत. दावा लागल्यावर प्रत्येक तारखेला तुम्ही हजर असण्याची गरज नसते, वकील असतात. तुम्ही लागता साक्षीला, आणि समझोत्याची बोलणी होतील त्या दिवशी. कागद काढण्यासाठी मात्र दोन–तीन रजा आताच टाका: अभिलेख कक्ष, पतसंस्था, सोसायटी. पतसंस्था तुम्हाला आबांच्या खात्याचा उतारा देणार नाही, तुम्ही जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी. नाही दिला तर दाव्यात त्यांना कागद हजर करायला लावता येतो, पण कर्ज कधी काढलं, कधी फिटलं, हे आईकडून आधी नीट विचारून लिहून घ्या. वाटपाचा हुकूम झाला की शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि भूमी अभिलेखची मोजणी होऊन हिस्से पडतात. त्यालाही वेळ लागतो. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर निदान मुंबईच्या फेऱ्या आता नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

वकिलांकडे जाताना खरेदीपत्राची प्रमाणित नक्कल, दोन्ही जुने फेरफार, १९८९ पासूनचे सातबारे आणि तुमच्या खात्याचा उतारा एवढं सोबत न्या. पतसंस्थेच्या कर्जाची बाकी मार्च २०२५ मध्ये किती होती, हा आकडा मिळाला की मला कळवा. त्यावर गणित पुन्हा मांडून देतो.